डॉट की क्रॉस? एका त्रिकोणात दोन्ही गुणाकार वापरायचे कसे

पहिल्या वर्षाच्या सदिशांच्या वर्कशीटमध्ये बहुतेक वेळा हिशेब चुकत नाही, चुकते ती निवड. कोन विचारला की कोणी क्रॉस प्रॉडक्ट काढतो, आणि उत्तर दिसायला बरोबर पण प्रत्यक्षात चूक येते. असे का होते, ते पुढच्या उदाहरणात पाहू.

उदाहरण: A(1, 2, 1), B(3, 3, 3), C(2, 0, −1) हे त्रिकोणाचे शिरोबिंदू आहेत. कोन A, त्रिकोणाचे क्षेत्रफळ आणि C पासून AB रेषेवर टाकलेल्या लंबाची लांबी काढा.

पायरी 1: दोन्ही सदिश एकाच बिंदूतून काढा

कोन A वरचा हवा, म्हणून दोन्ही सदिश A पासून निघाले पाहिजेत. शेवटच्या बिंदूतून सुरुवातीचा बिंदू वजा करा.

AB = (2, 1, 2), |AB| = 3
AC = (1, −2, −2), |AC| = 3

AC ऐवजी CA घेतला तर तिन्ही चिन्हे उलटतात आणि तुम्हाला 180° − A मिळतो. म्हणून आधी छोटी आकृती काढून बाण दाखवून घ्या.

पायरी 2: कोनासाठी डॉट प्रॉडक्ट

AB · AC = (2)(1) + (1)(−2) + (2)(−2) = −4

उत्तर ऋण आले, इथेच थांबून त्याचा अर्थ लावा. डॉट प्रॉडक्ट म्हणजे एका सदिशाची दुसऱ्यावर पडणारी सावली गुणिले त्या दुसऱ्याची लांबी. AC ची AB वरची सावली −4/3 आहे, म्हणजे ती AB च्या उलट दिशेला पडते. त्यामुळे कोन A विशालकोन आहे, हे कॅल्क्युलेटर हातात न घेताच कळते.

cos A = −4/9, म्हणून A ≈ 116.4°

पायरी 3: क्षेत्रफळासाठी क्रॉस प्रॉडक्ट

डिटरमिनंटच्या पहिल्या ओळीत i, j, k, दुसऱ्या ओळीत AB आणि तिसऱ्या ओळीत AC लिहा.

i: (1)(−2) − (2)(−2) = 2
j: −[(2)(−2) − (2)(1)] = 6
k: (2)(−2) − (1)(1) = −5

AB × AC = (2, 6, −5), |AB × AC| = √65

सर्वाधिक चुका j च्या बाहेरचे उणे विसरल्याने होतात. ते विसरलात तर (2, −6, −5) येईल आणि त्याचे परिमाणही √65 च भरेल! म्हणजे इथे परिमाण पाहून चूक पकडता येणार नाही. खरी तपासणी लंबतेची: उत्तराचा AB शी डॉट घ्या. 4 + 6 − 10 = 0, बरोबर. चुकीच्या सदिशाचा डॉट 4 − 6 − 10 = −12 येतो. AC शी सुद्धा एकदा घेऊन पाहा: 2 − 12 + 10 = 0.

√65 हे AB आणि AC या बाजूंवर उभ्या राहणाऱ्या समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ आहे. त्रिकोण त्याच्या निम्मा, म्हणून क्षेत्रफळ √65/2 ≈ 4.03 चौरस एकक. हा ½ गाळणे ही दुसरी नेहमीची चूक.

पायरी 4: लंबाची लांबी

समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ = पाया × उंची. पाया AB घेतला तर

उंची = √65/3 ≈ 2.69

सावली ऋण असल्याने लंबाचा पाय AB बाजूवर नसून ती A च्या मागे वाढवल्यावर मिळतो. तो बिंदू हवा असेल तर A मध्ये (−4/9)AB मिळवा: (1/9, 14/9, 1/9). आकृतीत हा पाय A आणि B च्या मध्ये दाखवला असेल तर आकृती चुकली आहे.

कोनासाठी क्रॉस का नको

sin A = √65/9 ≈ 0.896 वरून कोन काढला तर कॅल्क्युलेटर 63.6° दाखवतो. θ आणि 180° − θ यांचा साइन सारखाच असतो आणि क्रॉस प्रॉडक्टचे परिमाण कधीच ऋण नसते, त्यामुळे कोन लघु की विशाल हे त्यातून कळूच शकत नाही. कोसाइन मात्र 90° ओलांडताच चिन्ह बदलतो. म्हणून कोन नेहमी डॉटवरूनच काढावा.

दोन्ही उत्तरे एकमेकांशी ताडून पाहा

(AB · AC)² + |AB × AC|² = |AB|²|AC|²

इथे 16 + 65 = 81 आणि 9 × 9 = 81. हे sin²θ + cos²θ = 1 चेच रूप. मात्र यात दोन्ही गुणाकारांचे वर्ग होतात, त्यामुळे डॉटचे हरवलेले चिन्ह किंवा वर सांगितलेली j ची चूक यात सापडत नाही. त्यासाठी पायरी 3 मधली लंबतेची तपासणी आणि डॉटच्या चिन्हाचा आकृतीशी मेळ, दोन्ही वेगळे करावे लागतात.