डीडी की बँकर्स चेक? या चुका टाळा

निविदेची अनामत असो की प्रवेशाचं शुल्क, समोरचा साधा चेक घेत नाही, कारण तो खात्यात पैसे नसले तर परत येतो. डीडी, म्हणजे डिमांड ड्राफ्ट, आणि बँकर्स चेक या दोन्हींत बँक तुमचे पैसे आधीच कापून घेते आणि पैसे देण्याची जबाबदारी स्वतःवर घेते. म्हणून लोक दोन्ही एकच समजतात, आणि सगळ्यात मोठी चूक तिथेच होते.

डीडी ही बँकेच्या एका शाखेने दुसऱ्या शाखेवर काढलेली असते, त्यामुळे ती परगावी चालते. बँकर्स चेक, म्हणजे पे ऑर्डर, मुळात त्याच गावात वटवण्यासाठी असतो. सांगलीचा एक कंत्राटदार नागपूरच्या निविदेसाठी 30,000 रुपयांचा बँकर्स चेक घेऊन गेला. सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं: 'नागपूर येथे देय डीडी'. अर्ज तिथल्या तिथे बाद झाला. आता बँका संगणकाने जोडल्या आहेत, कुठेही वटेल, हा युक्तिवाद तिथे कामाचा नाही. अर्ज तपासणारा कारकून सूचनेतली ओळ आणि हातातला कागद ताडून पाहतो, बस्स. तेव्हा सूचनेत जो शब्द आहे तोच कागद काढा.

दुसरी चूक नावाची. 'प्राचार्य' आणि 'संचालक' यांत फरक आहे. नाव आठवणीने सांगू नका. सूचनेचा कागद समोर ठेवून फॉर्मवर अक्षरन् अक्षर उतरवा, 'देय ठिकाण'ही तिथूनच घ्या. खात्यातून पैसे द्यायचे तर फॉर्मसोबत नावाच्या जागी 'युवरसेल्फ' लिहिलेला चेक जोडतात. चेकची रक्कम म्हणजे डीडीची रक्कम अधिक बँकेचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी. 50,000 रुपये किंवा त्याहून जास्त रकमेची डीडी रोख भरून मिळत नाही, हे रांगेत उभं राहिल्यावर कळून उपयोग नाही.

डीडी हातात आली की खिडकीपासून हलायच्या आधी नाव, ठिकाण, आकड्यांतली व अक्षरी रक्कम, तारीख, सही-शिक्का पाहा. घाईत लोक नेमकं हेच टाळतात. चूक तिथे दिसली तर मिनिटांत निस्तरते. घरी गेल्यावर दिसली तर काढलेल्या शाखेत मूळ डीडी परत करा, अर्ज द्या, रद्द करण्याचं शुल्क भरा आणि नवी काढा. पेनाने खाडाखोड मुळीच करू नका, ती डीडी वटणार नाही. 15 सप्टेंबर 2018 पासून डीडीवर काढणाऱ्याचंही नाव छापतात, म्हणून रद्द करायला मित्राला पाठवू नका, ज्याने पैसे भरून काढली त्यानेच जावं.

मुदत तीन महिने, तीही डीडीवरच्या तारखेपासून. निविदेची तारीख पुढे ढकलली गेली तर आधी हे मोजा. मुदत उलटली तरी पैसे बुडत नाहीत, डीडी काढणाऱ्याने त्याच बँकेत अर्ज करून ती पुन्हा वैध करून घ्यायची.

देण्याआधी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा. हरवली तर बँक पहिल्यांदा डीडीचा नंबरच विचारते.