तांबडा रस्सा आणि माझं चुकलेलं कोटेशन

राजारामपुरीतल्या एका हॉटेलवाल्यांना मेनूकार्डसाठी एआयनं १२ फोटो बनवून द्यायचे होते, मी फोटोला ३०० म्हणून ३६०० सांगून मोकळा झालो. मिसळ, सोलकढी जमली, पण तांबडा रस्सा काही केल्या येईना, कितीही प्रॉम्प्ट बदला, टोमॅटो सूपच, वर तर्री नाही, आणि पांढरा तर चक्क खीर! नुसत्या रश्शावर ४० इमेज गेल्या आणि मालक म्हणतात, "अवो, हे बघून गिऱ्हाईक काय म्हणंल?" बरोबरच होतं त्यांचं, ताटात येणार एक आणि कार्डवर दुसरंच.

मग काम दोन भागांत तोडलं. ८ पदार्थ त्यांच्याच किचनमधून वाढून घेऊन खिडकीजवळ मोबाईलवर काढले, एआयनं फक्त मागचं टेबल आणि उजेड बदलला, वाटीला हात नाही. याचे ५०० प्रमाणे ४०००. उरलेल्या ४ इमेज नुसत्या सजावटीच्या, त्या पूर्ण एआयच्या, २५० प्रमाणे १०००. व्हॉट्सॲपवर लिहूनच दिलं की पैसे फायनल फोटोचे, दुरुस्ती दोनदा, पुढं प्रत्येक बदलाला १५०, निम्मे आधी. मालकांनी ५००० ला घासाघीस केली नाही, तिसऱ्यांदा कोथिंबीर वाढवायला सांगितली तेव्हा १५० पण दिले.