निल एन्कम्ब्रन्स म्हणजे टायटल क्लिअर नव्हे

गोव्यात प्लॉट घेताना एजंट ‘निल एन्कम्ब्रन्स’चा, म्हणजे जमिनीवर बोजा नसल्याचा, दाखला पुढे करतो. हा दाखला सब-रजिस्ट्रारच्या नोंदवहीवरून मिळतो. मागितलेल्या वर्षांत त्या जमिनीवर विक्री, गहाण, बक्षीसपत्र असा दस्त नोंदला गेला का, एवढंच तो सांगतो. जे नोंदलंच गेलं नाही, ते त्यात येणार नाही.

समजा, बार्देशातला प्लॉट आजोबांनी 1968 मध्ये घेतला आणि 1991 मध्ये ते वारले. मागे दोन मुलगे, एक मुलगी, तिघंही लग्न झालेले. जमिनीच्या सरकारी उताऱ्यावर, म्हणजे फॉर्म एक-चौदावर, आज फक्त थोरल्याचं नाव आहे आणि तोच विकायला निघालाय. तीस वर्षांचा दाखला काढा, निल येईल. वारसा मिळायला दस्त नोंदवावा लागत नाही ना! पण मुलीचा वाटा मुलांइतकाच. शिवाय लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर गोव्याच्या कायद्याने प्रत्येक वारसाच्या जोडीदाराचाही त्यात निम्मा हक्क. म्हणजे सह्या सहा जणांच्या हव्यात. मुंबईत दिलेल्या बहिणीची आणि तिच्या नवऱ्याचीसुद्धा.

म्हणून वारस कोण ते सांगणारं सक्सेशन डीड किंवा कोर्टातल्या वाटणीचा, म्हणजे इन्व्हेंटरीचा, आदेश मागा, आणि त्यातली नावं विक्रीखताच्या मसुद्याशी एकेक करून ताडून पाहा. ‘बहीण काही म्हणणार नाही’ हे उत्तर मिळालं, तर इसाराचे पैसे खिशातच ठेवा.

प्लॉटवर जुनं घर असेल, तर मुंडकाराची, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची, चौकशी जागेवर जाऊनच करावी. त्याचा हक्कही या दाखल्यात दिसेलच असं नाही.