२७ + १५ = ३१२

दुसरीच्या वर्गात २७ + १५ चं उत्तर तीन-चार वह्यांत ३१२ आलं. ७ आणि ५ बारा, ते खाली अख्खे लिहिले. २ आणि १ तीन, ते शेजारी. दोन्ही बेरजा बरोबर, पण हातचा गायब.

काड्या तर मी दिल्या होत्या, दादरहून आणलेल्या आईस्क्रीमच्या. चूक माझी होती: गठ्ठे मीच घरून बांधून आणायचे. दहा सुट्यांचा एक गठ्ठा होताना मुलांनी पाहिलाच नव्हता.

मग फक्त सुट्या काड्या आणि रबरबँड दिले. नियम एकच: सुट्यांच्या घरात नऊपेक्षा जास्त काड्या राहायच्या नाहीत. बारा झाल्या की दहा मोजायच्या, रबर लावायचं आणि गठ्ठा स्वतः उचलून दशकाच्या घरात ठेवायचा. तो ठेवला की लगेच वहीत दशकावर १ लिहायचा. उरल्या २ सुट्या, गठ्ठे चार. ४२.

३१२ थांबलं. ३२ लिहिणारे गठ्ठा सरकवतात, पण वर १ लिहायला विसरतात. त्यांना काड्या आणि वही एकदमच चालवायला लावते. ५१ मात्र चिवट. तिथे बारातला १ खाली लिहून २ हातचा घेतलेला असतो. अशा मुलाला मी एवढंच विचारते, "सुट्या किती उरल्या, दाखव बरं?"