व्हिसासाठी पगाराचा दाखला मागताना

नुसता ‘पगाराचा दाखला मिळावा’ असा अर्ज दिला, तर बहुधा एका ओळीचा दाखला हाती पडतो आणि पुन्हा खेटे घालावे लागतात. म्हणून हवा तो तपशील अर्जातच लिहावा. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी असा:

“महोदय, मी ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी अर्ज करीत आहे. तरी कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, माझे पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, पद, रुजू झाल्याची तारीख, नोकरी कायम असल्याचा उल्लेख, मासिक एकूण व निव्वळ पगार आणि मंजूर रजेचा कालावधी नमूद केलेला दाखला कृपया मिळावा.”

दाखल्यातील निव्वळ पगार बँकेत जमा होणाऱ्या रकमेशी जुळतो का, हे आवर्जून पाहावे. कर्जाचा हप्ता पगारातूनच कापला जात असल्यास ती कपातही दाखल्यात लिहून घ्यावी.