नानकटाई आतून करपते, दाणे कडू होतात: ओव्हनचे मोड वापरताना या चुका टाळा

ऐरोलीत मी घरी बेकिंग शिकवते. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस फोन सुरू होतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: "ओव्हन बिघडलाय, नानकटाई होत नाही." ओव्हन बिघडलेला क्वचितच असतो. मोड चुकलेला असतो, आणि तोही घाईपायी.

मागे आमच्याच सोसायटीतल्या एका वहिनींनी नानकटाईची ऑर्डर घेतली होती. कन्व्हेक्शनला ओव्हन आधी तापवा, मग एकेक घाणा वीस मिनिटं भाजा, एवढा वेळ त्यांना परवडेना. म्हणून त्यांनी कॉम्बी लावलं, म्हणजे मायक्रो आणि कन्व्हेक्शन एकत्र. पहिला घाणा ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये ठेवला, तर आत चटचट ठिणग्या उडाल्या. मग तीच नानकटाई काचेच्या ताटलीत काढून पुन्हा कॉम्बीवरच लावली. सहा-सात मिनिटांत वास सुटला म्हणून त्यांनी मला हाक मारली. वरून नानकटाई पांढरीफटक होती, जेमतेम रंग धरलेली. मी एक मोडून बघितली, तर मधोमध रुपयाएवढा काळा कोळसा. तूप, साखर, मैदा, सगळं वाया गेलं होतं आणि ऑर्डर दुसऱ्या दिवशीची होती.

असं का होतं ते एकदा नीट समजून घ्या. मायक्रो लहरी पदार्थाच्या आत दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत शिरतात आणि तिथलं पाणी, तूप, साखर तापवतात. भातात किंवा भाजीत भरपूर पाणी असतं, त्यामुळे तापमान शंभर अंशांच्या आसपास थांबतं. नानकटाईत पाणी जवळजवळ नाहीच, त्यामुळे थांबवणारं काही उरत नाही. मधली उष्णता बाहेरही पडू शकत नाही, म्हणून आतली साखर आधी जळते. कन्व्हेक्शनमध्ये हीटरची गरम हवा पंख्याने पदार्थाभोवती फिरते, उष्णता बाहेरून आत जाते आणि कडेला रंग येतो. खुसखुशीत, कोरडं, रंग आलेलं काही हवं असेल तर भाजणी बाहेरूनच व्हायला हवी. कॉम्बीने वेळ वाचतो तो बटाटा किंवा चिकनच्या तंगडीसारख्या जाड, ओलसर वस्तूंचा. नानकटाई, बिस्किटं, खारी यांना कॉम्बी लावूच नका.

वहिनींची ऑर्डर आम्ही त्याच रात्री पुन्हा केली. प्रमाण माझं नेहमीचं: एक वाटी मैदा, दोन चमचे बेसन, एक चमचा बारीक रवा, अर्धी वाटी पिठीसाखर आणि थिजलेलं अर्धी वाटी तूप. कन्व्हेक्शन १७० अंशांवर ठेवून ओव्हन रिकामाच तापवला. तापल्याची बीप वाजली की बरेच जण लगेच ट्रे सरकवतात. मी आणखी पाच मिनिटं थांबते, कारण तेव्हा हवा तापलेली असते, पण भिंती अजून तापायच्या असतात, आणि दार उघडताच ती हवा बाहेर पडते. ट्रे आधीच भरून हाताशी ठेवायचा, म्हणजे दार क्षणभरच उघडं राहतं. मग तो छोट्या, म्हणजे बुटक्या स्टँडवर ठेवायचा. थेट काचेच्या फिरत्या ताटलीवर ठेवला तर खालून हवा जात नाही आणि बूड कच्चं राहतं. आमची नानकटाई अठरा मिनिटांत झाली. वर भेगा पडल्या, तळ हलका बदामी झाला, पण हाताला मऊच लागली. इथे अधीर माणसं "अजून कच्ची आहे" म्हणून आणखी पाच मिनिटं देतात आणि ती कडक करून टाकतात. बाहेर काढून ट्रेमध्येच दहा मिनिटं गार होऊ द्या, ती आपोआप खुसखुशीत होते. १७० अंश हा आकडाही देवाचा शब्द नाही. तळ आधी लाल होत असेल तर तुमच्या ओव्हनला १६० लावा.

दुसरी चूक शेंगदाण्यांची. दाणे मायक्रोमध्ये छान भाजतात, पण वाटीत भरून, पाच मिनिटं लावून बाजूला व्हायचं हे अजिबात चालत नाही. इथेही उष्णता आतूनच वाढते. सालं गुलाबी दिसत असताना आतला डोळा करपलेला असतो, आणि एक करपलेला दाणा अख्ख्या कुटात कडवटपणा आणतो. एक वाटी दाणे पसरट काचेच्या ताटलीत एकेरी थरात पसरा. पूर्ण पॉवरवर दोन मिनिटं, हलवा, एक मिनिट, पुन्हा हलवा. त्यानंतर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने एक दाणा फोडून बघा. आतून फिकट बदामी दिसला की थांबा आणि लगेच गार स्टीलच्या ताटात काढा, कारण बाहेर आल्यावरही ते आतल्या आत भाजत राहतात. कुरकुरीतपणा गार झाल्यावरच येतो, गरम दाणा खाऊन ठरवू नका. पावसाळ्यात आपल्याकडे दाणे सर्दावलेले असतात, तेव्हा अर्धं-एक मिनिट जास्त लागतं. अर्धा किलो भाजायचे असतील तर मी सरळ कन्व्हेक्शनला १६० वर पसरट ट्रेमध्ये लावते आणि मधे दोनदा हलवते. तीळ आणि खसखस मात्र तव्यावरच. दोन चमचे तिळांसाठी मायक्रो लावला तर लहरी शोषायला आत पुरेसं काही नसतं आणि मशीनवरच ताण येतो.

ग्रिलची तक्रार असते "वर जळतं, खाली कच्चं". ग्रिलची कॉइल छताला असते, ती फक्त वरची बाजू भाजते. म्हणून उंच स्टँड घ्या, कॉइल तीन-चार मिनिटं तापू द्या आणि पदार्थ अर्ध्या वेळात उलटा. सुरमईची तुकडी किंवा पनीर टिक्का ओला ठेवलात तर तो आधी स्वतःच्या पाण्यात शिजतो, त्याला डाग पडतच नाहीत. मासा पुसून घ्या, टिक्क्याला चक्का वापरा, वरून तेलाचा हात लावा आणि खाली ठिबक झेलायला ताटली ठेवा. पनीर सात-आठ मिनिटांत उलटायला येतं. जाड चिकन नुसत्या ग्रिलवर आतपर्यंत शिजत नाही, ते आधी कन्व्हेक्शनवर शिजवून शेवटी ग्रिलखाली धरा.

मायक्रोवेव्ह सेफ प्लास्टिक हे फक्त मायक्रो मोडसाठी असतं. ग्रिल आणि कन्व्हेक्शनमध्ये ते वितळतं, आणि नुकतंच कन्व्हेक्शन वापरून झालं असेल तर तापलेल्या ओव्हनमध्ये मायक्रोवरही ते ठेवू नका.

ओव्हन रिकामा तापवायचा तो फक्त कन्व्हेक्शन किंवा ग्रिलवर, मायक्रोवर कधीच नाही.

काम झाल्यावर पंखा फिरत राहतो, तो आतले भाग गार करत असतो. भिंतीवरचं बटण लगेच बंद करू नका.

कन्व्हेक्शनवर ओव्हन दोन हजार वॉटच्या पुढे जाऊ शकतो. ठाण्यातल्या जुन्या इमारतींच्या स्वयंपाकघरात बऱ्याचदा ओट्यावर फक्त सहा ॲम्पिअरचा छोटा पॉइंट असतो. तिथे ॲडॅप्टर लावून भागवू नका. इलेक्ट्रिशियनकडून जाड वायरचा वेगळा सोळा ॲम्पिअरचा पॉइंट काढून घ्या, आणि ओव्हन चालू असताना त्याच पॉइंटवर मिक्सर किंवा गीझर लावू नका.