आत्याचे अर्धवट संदेश

आत्याचे संदेश तुकड्यांनी येत: आधी ‘उद्या सकाळी’, मग ‘डॉक्टरांकडे’, आणि किती वाजता, ते तासाभराने. एकदा शेजारी बसून तिला लिहिताना पाहिले, तेव्हा उलगडा झाला. वहीत लिहावे तशी नवी ओळ सुरू करण्यासाठी ती कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातील कळ दाबत होती आणि तेवढ्यानेच संदेश जात होता. तिच्या अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅपच्या Settings मधील Chats मध्ये Enter is send हा पर्याय चालू होता (बहुधा नातवाचा उद्योग). तो बंद करताच तीच कळ नवी ओळ देऊ लागली. हिरवे बटण मात्र अजूनही कधी चुकून दाबले जाते. अशा वेळी गेलेला संदेश दाबून धरावा, वरच्या तीन ठिपक्यांतून Edit निवडावे आणि उरलेला मजकूर भरावा, हे तिला शिकवले आहे, पण ही सोय १५ मिनिटांपुरतीच असते.